उभ्या फटीतून आडवे ठिपके का येतात? डिफ्रॅक्शन आणि फुरिए ट्रान्सफॉर्म, साध्या भाषेत

माझी भाची बारावीला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आली होती तेव्हा तिने एक प्रयोग केला. दाढीची दोन ब्लेड घेतली, त्यांच्या धारांमध्ये ए-फोर कागदाची पट्टी उभी धरली, ब्लेड पुठ्ठ्यावर सेलोटेपने चिकटवली आणि मग कागद अलगद ओढून घेतला. साधा झेरॉक्सचा कागद जवळपास ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे साधारण तेवढीच फट उरली. समोर लाल लेझर पॉइंटर, दोन मीटरवर भिंत, खोलीत अंधार.

फट उभी आहे म्हणजे भिंतीवर उभी रेघ पडणार, असं तिला वाटलं होतं. पडली आडवी. मधे एक लांबट भगभगीत ठिपका आणि त्याच्या डाव्या-उजव्या बाजूला एका ओळीत छोटे छोटे, फिके होत जाणारे ठिपके. त्यात तिने ब्लेड अजून जवळ ढकललं तर ठिपके आत यायच्या ऐवजी आणखी लांब पसरले. "मामा, हे उलटं कसं काय?" म्हणाली.

पुस्तकात याचं सूत्र आहे आणि ती ते पाठ म्हणून दाखवू शकते, पण उलटं का याचं उत्तर सूत्रातून मिळत नाही. ते उत्तर फुरिए ट्रान्सफॉर्म नावाच्या गोष्टीत आहे, आणि नाव ऐकून घाबरायचं काही कारण नाही, कारण ती कल्पना एका सतरंजीवर समजावता येते. (लेझर डोळ्यात जाऊ द्यायचा नाही, चकचकीत ब्लेडवरून परत येणारा पण नाही, हे आधीच सांगून ठेवतो.)

## आधी ढोल-ताशा

समजा मैदानात ढोलांची एक सरळ रांग उभी आहे, १७ मीटर लांब, आणि सगळे एकाच क्षणी टिपरू मारतात. तुम्ही रांगेच्या बरोब्बर समोर पण खूप लांब उभे असाल तर सगळ्यांचा आवाज एकदमच पोचतो, एकच घणाघाती ठोका. आता चालत चालत रांगेच्या टोकाच्या बाजूला, रांगेच्याच रेषेत जाऊन उभे राहा. जवळच्या टोकाचा ढोल आधी ऐकू येतो आणि लांबच्या टोकाचा त्याच्यानंतर, कारण आवाजाला ते जादाचे १७ मीटर कापायला सेकंदाचा विसावा भाग लागतो. ठोका पसरट होतो. मारणारे तेच, मारण्याची वेळ तीच, फक्त तुमची दिशा बदलली.

फटीचंही असंच आहे. फटीत शिरलेली प्रकाशाची लाट फटीच्या रुंदीतल्या प्रत्येक बिंदूवरून नव्याने सगळीकडे पसरते, म्हणजे प्रत्येक बिंदू एक ढोल. समोरच्या दिशेला सगळ्यांच्या लाटा एका तालात पोचतात म्हणून मधला ठिपका सगळ्यात प्रखर. तिरक्या दिशेला एका काठाची लाट दुसऱ्या काठाच्या मागे पडते. लाटेला चढ आणि उतार असतो, त्यामुळे मागे पडलेल्या लाटेचा उतार पुढच्या लाटेच्या चढावर आला की दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. अडथळ्याशी किंवा फटीशी प्रकाश असा पसरून त्याची नक्षी बनते, त्यालाच डिफ्रॅक्शन म्हणतात, मराठी पुस्तकात विवर्तन.

## आता सतरंजी

कुठल्याही एका तिरक्या दिशेने फटीकडे बघायचं ठरवा. फटीच्या एका काठापासून दुसऱ्या काठाकडे सरकत गेलात तर प्रत्येक बिंदूची लाट आधीच्यापेक्षा थोडी मागे, आणखी थोडी मागे असं होत जातं, मग पूर्ण एक लाट मागे पडली की पुन्हा तालात. म्हणजे त्या दिशेच्या नजरेने फटीवर पट्टे पडलेले आहेत: चढ, उतार, चढ, उतार. जणू फटीमागे पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी पसरलीये, पांढरा पट्टा म्हणजे अधिक, काळा म्हणजे उणे (कडक कडा नाहीत, रंग हळूहळू बदलतो) आणि फट ही त्या सतरंजीवरची खिडकी. खिडकीतून जेवढं पांढरं दिसतं त्यातून काळं वजा करा. उरेल तेवढीच लाट त्या दिशेला जाते.

सगळी गंमत पट्ट्यांच्या रुंदीत आहे. दिशा जितकी तिरकी तितके पट्टे बारीक. एक पांढरा आणि एक काळा मिळून जी जोडी होते तिची रुंदी लाटेची लांबी भागिले sin θ, बस; θ म्हणजे समोरच्या दिशेपासून आपली दिशा जितकी तिरकी तो कोन. समोरच्या दिशेला ती अनंत, म्हणजे सगळी खिडकी पांढरीच.

भाचीचे आकडे घालून बघू. लेझर ६५० नॅनोमीटरचा, फट ०.१ मिमी, भिंत २ मीटर.

मध्यापासून ६.५ मिमीवर जोडीची रुंदी ०.२ मिमी येते, म्हणजे खिडकीत अर्धीच जोडी मावते, एक पांढरा पट्टा. वजा करायला काळं नाहीच, पण पट्टा कडेला फिका होतो म्हणून त्याची सरासरी पूर्ण पांढऱ्याच्या ०.६४ पट. प्रखरता म्हणजे याचा वर्ग, साधारण ०.४०. मध्याच्या ४० टक्के.

१३ मिमीवर जोडी बरोब्बर ०.१ मिमीची, खिडकीएवढी. जितकं पांढरं तितकंच काळं. वजाबाकी शून्य. काळोख!

इथे विद्यार्थी हमखास अडकतात. दोन काठांमध्ये पूर्ण एका लाटेचा फरक आहे, म्हणजे दोन्ही काठ तालात आहेत, मग अंधार कसा? काठ तालात आहेत हे खरंच आहे, पण काठ म्हणजे फट नव्हे. मधले सगळे बिंदू एक अख्खी फेरी पूर्ण करतात आणि डाव्या अर्ध्यातल्या प्रत्येक बिंदूला उजव्या अर्ध्यात एक असा जोडीदार सापडतो जो त्याला पूर्ण मारतो.

अजून बाहेर, १९.५ मिमीवर, खिडकीत दीड जोडी. मधे एक पांढरा पट्टा, दोन बाजूंना दोन काळे. पांढऱ्याने एक काळा खाल्ला, एक काळा उरला. तो खिडकीच्या एक तृतीयांश रुंदीचा आणि सरासरी ०.६४, म्हणून ०.२१, आणि वर्ग केला की ०.०४५. बाजूचा पहिला ठिपका इतका मिणमिणता का, त्याचं उत्तर हे: तिघांतले दोघं एकमेकांत खपले. (त्याचा खरा शेंडा १९.५ वर नाही, थोडा आत १८.६ मिमीवर येतो आणि तिथे प्रखरता ४.७ टक्के असते, कारण बाहेर जावं तसं उरलेलं कमी कमीच होत जातं आणि ते शेंड्याला आत ओढतं.) २६ मिमीवर दोन पूर्ण जोड्या, पुन्हा काळोख. ३९ वर तीन जोड्या, पुन्हा.

मधला ठिपका बाकीच्यांच्या दुप्पट रुंद का ते पण इथेच कळतं. काळोख प्रत्येक पूर्ण संख्येला येतो, एक, दोन, तीन, फक्त शून्याला येत नाही, कारण शून्य जोड्या म्हणजे सगळं पांढरं. म्हणून उणे एकपासून अधिक एकपर्यंत मधे कुठेच खंड नाही.

## मग यात फुरिए कुठे आला?

आलाच की! आत्ता आपण जे केलं तेच फुरिए ट्रान्सफॉर्म. कुठलाही आकार घ्यायचा आणि त्याला एकेक करून विचारायचं, या रुंदीचे पट्टे तुझ्यात किती? त्याहून बारीक पट्टे किती? आणि उत्तरांची यादी करायची. फ्रेंच गणिती जोसेफ फुरिए यांना हे सुचलं ते उष्णता धातूमधून कशी पसरते याचा विचार करताना, १८२२ मध्ये त्यांचं त्यावरचं पुस्तक आलं. गाण्याच्या अॅपमधला इक्वलायझर हेच करतो, फक्त तिथे पट्टे जागेत नसून वेळेत असतात, जाड पट्टे म्हणजे खर्ज आणि बारीक म्हणजे तार सप्तक.

फटीच्या बाबतीत कमाल ही आहे की प्रश्न विचारणारा कोणी लागत नाही. प्रत्येक दिशा म्हणजे एका रुंदीच्या पट्ट्यांचा प्रश्न, आणि त्या दिशेला भिंतीवर पडलेला उजेड म्हणजे त्याचं उत्तर. सगळे प्रश्न एकाच वेळी, उत्तरं ओळीने मांडलेली. गणिताच्या भाषेत हे असं लिहितात:

```
E(u) = ∫ A(x) e^(-i 2π u x) dx,    u = sin θ / λ
फट a रुंद असेल तर:  I / I0 = [ sin(π a u) / (π a u) ]²
```

λ म्हणजे लाटेची लांबी, E म्हणजे त्या दिशेला गेलेली लाट, I तिची प्रखरता आणि I0 मध्यावरची प्रखरता. A(x) म्हणजे फटीचा आकार: आत १, बाहेर ०. ती e वाली गोष्ट म्हणजे आपली सतरंजी. बाकी काही नाही.

आणि भाचीचा मूळ प्रश्न, उलटं का? फट अरुंद केली की खिडकीत पूर्ण एक जोडी मावायला पट्टे आणखी बारीक लागतात, बारीक पट्टे म्हणजे जास्त तिरकी दिशा, म्हणून पहिला काळोख बाहेर सरकतो. ०.०५ मिमीची फट असती तर तो १३ ऐवजी २६ मिमीवर गेला असता. आडवं का, याचं उत्तरही तेच: फट आडव्या दिशेला अरुंद आहे म्हणून पसरणं आडवं. उभ्या दिशेला फट लांबलचक, तिथे लेझरचा दोन-तीन मिमीचा झोत जसा होता तसाच निघून जातो.

उजेडाचा हिशेबही जुळतो. फट दुप्पट रुंद केली तर मध्यावर लाट दुप्पट, म्हणजे प्रखरता चौपट होते, पण नक्षी अर्ध्या रुंदीत आवळते. चौपट गुणिले अर्धा म्हणजे दुप्पट उजेड. दुप्पट रुंद फटीतून दुप्पटच यायला हवा ना.

ज्यांना कॉम्प्युटरवर तपासायचंय त्यांच्यासाठी एवढंसं पुरतं:

```
import numpy as np
N, dx = 4096, 1.5625e-6      # 64 * dx = 0.1 mm
A = np.zeros(N); A[:64] = 1
I = np.abs(np.fft.fft(A))**2
I = I / I[0]
print(I[64:128].max())            # 0.047
k = I[1:100].argmin() + 1         # पहिला काळोख
print(k * 650e-9 * 2 / (N * dx))  # 0.013 m
```

पहिला आकडा बाजूच्या ठिपक्याची प्रखरता, दुसरा पहिल्या काळोखाची जागा मीटरमध्ये. लाटेची लांबी आणि भिंतीचं अंतर सोडलं तर या कोडमध्ये प्रकाशाबद्दल एक अक्षर नाही, फक्त शून्यं आणि एक यांची यादी आणि तिचं फुरिए ट्रान्सफॉर्म, आणि तरी भिंतीवरचे १३ मिमी बाहेर येतात. मला हे आजही फार आवडतं.

## पण प्रकाश ब्लेडच्या धारेला आपटून वळतो, असं नाही का?

बऱ्याच जणांच्या मनात हेच चित्र असतं. ते खरं असतं तर ब्लेड स्टीलचं की पितळेचं, धार घासलेली की बोथट, यावर नक्षी बदलली असती. आपल्या हिशेबात धातूचं नावही आलं नाही, फक्त उघडी जागा किती एवढंच आलं, आणि आकडे जुळतात. ०.१ मिमीची फट लाल लाटेच्या दीडशे पट रुंद आहे, त्यामुळे काठाशी जे काय होतं ते एकूणात नगण्य. फट लाटेच्याच मापाची झाली की मात्र हा साधा हिशेब तुटतो, तिथे काठाचा धातू आणि लाट कुठल्या दिशेने हलते हे दोन्ही मोजावं लागतं. ब्लेडच्या प्रयोगात तिथवर आपण पोचत नाही.

## भिंत कितीही जवळ चालेल का?

नाही, आणि ही अट महत्त्वाची आहे. ढोलाच्या गोष्टीत मी मुद्दाम "खूप लांब" म्हटलं. रांगेच्या अगदी पुढ्यात उभं राहिलं तर मधला ढोल जवळ आणि टोकाचे लांब, म्हणजे समोर असूनही ताल जुळत नाही. फटीच्या जवळ सतरंजीचे पट्टे सारख्या रुंदीचे राहत नाहीत, कडेला दाटत जातात, आणि मग ते फुरिए ट्रान्सफॉर्म राहत नाही.

किती लांब म्हणजे लांब? फटीच्या रुंदीचा वर्ग भागिले लाटेची लांबी, याच्या कितीतरी पट. ०.१ मिमीच्या फटीला हे अंतर दीड सेंटीमीटर येतं, म्हणून २ मीटर म्हणजे चिक्कार लांब. पण फट १ मिमीची केली तर अंतर शंभर पट, दीड मीटर, आणि २ मीटरवरची भिंत आता पुरेशी लांब नाही. ते ओळखायचं कसं? काळोखाच्या जागा नीट काळ्या राहत नाहीत, मधला पट्टा फटीच्या सावलीसारखा दिसतो आणि भिंत पुढे-मागे केली की नक्षी नुसती लहान-मोठी न होता तिचा आकारच बदलतो. लांबवर असताना फक्त मोठी होते, आकार तोच.

खोली लहान असेल तर फटीनंतर बहिर्गोल भिंग ठेवायचं. भिंग एका दिशेचे सगळे किरण आपल्या नाभीच्या पडद्यावर एका बिंदूत आणतं, म्हणजे अनंतावरची नक्षी टेबलावर. ५० सेंटीमीटर नाभी अंतराच्या भिंगाने पहिला काळोख मध्यापासून ३.२५ मिमीवर येतो.

## मोजताना काय चुकतं

भाचीने पहिल्यांदा मोबाइलने फोटो काढला तर बाजूचे ठिपके मधल्याएवढेच झगझगीत! ती म्हणाली, तुझे ४.७ टक्के चुकले. चुकले नव्हते, मधला ठिपका इतका प्रखर होता की कॅमेरा तिथे भरून वाहत होता, त्याच्यापुढे त्याला मोजताच येत नाही. एक्स्पोजर खाली ओढलं तेव्हा फरक दिसला. म्हणून मोजायचं ते ठिपक्यांचे मध्य नाही, काळोखाच्या जागा, त्यांना कॅमेरा फसवत नाही. आणि मधल्यापासून एका बाजूला न मोजता डावीकडच्या तिसऱ्या काळोखापासून उजवीकडच्या तिसऱ्यापर्यंत मोजायचं आणि सहाने भागायचं. तिला ७८ ऐवजी ७२ मिमी मिळाले, म्हणजे एकाला १२, म्हणजे तिची फट ०.१०८ मिमीची होती. कागद ओढताना थोडी सरकली असणार.

दुसरी अडचण ब्लेड समांतर नसण्याची. फट वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर लेझर फटीवर वर-खाली सरकवला की ठिपके लांब-जवळ होतात. पुठ्ठा हलवून हे आधी तपासावं, नाहीतर कुठली रुंदी मोजली तेच कळत नाही.

## सूत्र पुस्तकात आहेच, मग फुरिए कशाला?

कारण पुस्तकातलं सूत्र एका फटीपुरतंच आहे. लांबट फटीऐवजी छोटी आयताकृती खिडकी केली, समजा ०.१ मिमी रुंद आणि ०.३ मिमी उंच, तर वेगळी मांडणी लागत नाही. आयत म्हणजे आडवी फट गुणिले उभी फट, आणि नक्षीही दोघींचा गुणाकार. आडवा काळोख दर १३ मिमीवर, उभा दर ४.३ मिमीवर. उभट खिडकीतून आडवट नक्षी, अधिकाचं चिन्ह असावं तसे दोन दांडे, आणि चार कोपऱ्यांत ठिपके इतके फिके की अंधारात डोळे सरावल्याशिवाय दिसत नाहीत, कारण तिथे छोट्याला छोट्याने गुणलंय. ४.७ टक्क्यांचे ४.७ टक्के, म्हणजे जेमतेम ०.२ टक्के.

ते दांडे का येतात? सरळ कडा जिथे असेल तिथे उजेड तिच्या काटकोनात लांबवर पसरतो. २०२२ च्या जुलैत जेम्स वेब दुर्बिणीचे फोटो आले तेव्हा सगळ्यांनी विचारलं होतं की ताऱ्यांना टोकं का. तिचा आरसा १८ षटकोनी तुकड्यांचा आहे, षटकोनाच्या कडा तीन दिशांना, म्हणून त्यांच्या काटकोनात सहा मोठी टोकं. पुढचा छोटा आरसा धरणारे तीन दांडे आहेत, त्यांची बरीचशी टोकं या सहांवरच पडतील असे ते लावलेत, फक्त उभ्या दांड्याची दोन बारीक आडवी टोकं वेगळी दिसतात. एकूण आठ. आपल्या ब्लेडच्या फटीचाच हा मोठा भाऊ.

## नक्षीवरून उलट फटीचा आकार सांगता येईल का?

रुंदी सांगता येते, वर काढलीच. सगळं मात्र सांगता येत नाही. भिंत, डोळा, कॅमेरा या सगळ्यांना फक्त प्रखरता कळते, म्हणजे वर्ग. उरलेला पट्टा पांढरा होता की काळा, ते वर्ग करताना पुसलं जातं.

हे भाचीला दाखवायला मी ब्लेडची फट काढून टाकली आणि तिचाच एक केस पुठ्ठ्याच्या भोकावर ताणून चिकटवला. लेझर त्याच्यावर. भिंतीवर पुन्हा तशीच आडवी ठिपक्यांची ओळ! फट म्हणजे आत १ बाहेर ०, केस म्हणजे आत ० बाहेर १. दोघांची रुंदी सारखी धरली तर त्यांची बेरीज म्हणजे मोकळा झोत, आणि मोकळा झोत फक्त सरळ जातो, बाजूला काहीच देत नाही. म्हणून बाजूला दोघांच्या लाटा सारख्याच, फक्त चिन्हं उलटी, आणि वर्ग केला की चिन्ह गेलं. फरक फक्त मध्यावर, तिथे केसाच्या वेळी लेझरचा थेट झोत येऊन पडतो.

मधला भाग वहीने झाकून तिने काळोखाच्या जागा मोजल्या, दर १८ मिमीला एक. केस ७२ मायक्रॉनचा निघाला. मग मी तिला पाठमोरं उभं केलं, मधला झोत झाकूनच ठेवला, मागे पुठ्ठे अदलाबदल केले आणि वळून ओळखायला सांगितलं की आता फट आहे की केस. अंतरं मोजून तिने बरोबर ओळखलं, १२ म्हणजे फट, १८ म्हणजे केस. "आणि फट केसाएवढीच असती तर?" मी विचारलं. ती बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली आणि म्हणाली, मग वही काढावी लागेल.